सत्तावीसचा फरक: जून अखेरच्या बँक ताळमेळाच्या नोंदी

3 जुलै

जून अखेरचं ताळमेळ पत्रक आज मांडलं आणि ते जुळलं नाही. एप्रिल ते जून या तीन महिन्यांतला प्रत्येक चेक आणि प्रत्येक भरणा बँकेच्या स्टेटमेंटशी लावून झाला आहे. हे काम आमच्या नव्या सहकाऱ्याने केलं, मी फक्त शेवटची बेरीज मारली. पत्रक असं आहे:

बँकेच्या स्टेटमेंटप्रमाणे 30 जूनची शिल्लक: 4,18,362.45
अधिक, भरलेला पण बँकेत अजून न दिसणारा भरणा: 12,500.00
वजा, दिलेले पण अजून न वटलेले तीन चेक: 27,305.00
यायला हवी ती शिल्लक: 4,03,557.45
आपल्या खातेवहीत दिसणारी शिल्लक: 4,03,584.45

खातेवही 27.00 ने जास्त आहे.

पुढच्या नोंदींत घोळ नको म्हणून चिन्ह आत्ताच ठरवून ठेवते. खातेवहीतून बँक वजा केली की उरेल तो फरक. म्हणजे आजचा फरक अधिक 27. पुस्तकं बँकेपेक्षा कमी असतील तेव्हा तो वजा लिहीन. चिन्ह न लिहिता नुसता "27 चा फरक" म्हणत बसलं की दोन दिवसांनी आपणच उलट दिशेला शोधत असतो, हे मी पूर्वी करून बसले आहे.

आजच न वटलेल्या यादीची खात्री करून घेतली. ती यादीच चुकीची असेल तर बाकीचं सगळं शोधणं फुकट. 12,500 चा भरणा 2 जुलैला बँकेत पूर्ण रकमेने जमा झालेला दिसतो. तीनपैकी दोन चेक, 8,740 आणि 2,315 चे, जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत त्याच रकमांना वटले. 16,250 चा तिसरा चेक अजून आलेला नाही, पण त्याची स्थळप्रत पाहिली, रक्कम बरोबर आहे. तेव्हा फरक या यादीत नाही.

4 जुलै

आजचा बराचसा दिवस वाया गेला. तरी कसा गेला ते लिहून ठेवते.

27 ला 9 ने भाग जातो. हिशेब लिहिणाऱ्या कुणालाही यावरून पहिली शंका येते ती अंक उलटल्याची. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की पडणाऱ्या फरकाला नेहमी 9 ने भाग जातो, कारण दहंचा अंक एकंच्या जागी गेला की प्रत्येक एककामागे 10 चा 1 होतो, म्हणजे 9 जातात. भागाकार 3 आला, तर ज्या दोन अंकांत 3 चा फरक आहे ते उलटले असणार: 14 चे 41, 25 चे 52, 69 चे 96. म्हणून तिन्ही महिन्यांच्या नोंदींतून शेवटचे दोन पूर्ण अंक असे असलेल्या सगळ्या रकमा काढल्या. तेवीस निघाल्या. एकेकीची पावती काढून बसले.

दुपारी वाटलं, सापडलं. 2,741 चा एक भरणा होता आणि पावतीवरचं हस्ताक्षर असं की 2,714 पण वाचता यावं. उत्साहाने स्टेटमेंट उघडलं. बँकेतही 2,741. पावती कशी का दिसेना, पुस्तक आणि बँक दोन्हीकडे तीच रक्कम असेल तर तिथून फरक येऊच शकत नाही. हे मला पावती काढायच्या आधी सुचायला हवं होतं. तपासायच्या होत्या दोन नोंदवलेल्या रकमा, मी कागद तपासत बसले.

दुसरी ठरलेली युक्ती म्हणजे निम्मी रक्कम शोधणं. एखादी रक्कम खर्चाऐवजी जमेला लिहिली गेली तर फरक दुप्पट पडतो, म्हणून 13.50 ची नोंद शोधली. एकही नाही. सरळ 27.00 ची नोंद शोधली. तीही नाही.

संध्याकाळी साहेब येऊन म्हणाले, "सत्तावीससाठी किती दिवस घालवणार? किरकोळ खर्चात टाका आणि पुढे चला." मी म्हटलं, सर, दोन दिवस द्या, नाहीतर उचंतीत, म्हणजे उलगडा होईपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, टाकते. किरकोळ खर्चात मात्र नाही, कारण खर्चात गेलेली रक्कम पुन्हा कुणी शोधत नाही. ते हसले आणि गेले, म्हणजे दोन दिवस मिळाले असं मी धरते.

5 जुलै

"सगळे चेक लागले" म्हणजे नक्की काय केलं, हे सहकाऱ्याला आज नीट विचारलं. कालच विचारायला हवं होतं.

तो म्हणाला, "ताई, चेकचा नंबर स्टेटमेंटमध्ये सापडला की शीट आपोआप ओके लिहितं. न वटलेले चेक सोडले तर एकही रकाना रिकामा नाही."

शीट उघडलं. एका पानावर आपली पुस्तकं, दुसऱ्यावर बँकेचं स्टेटमेंट. सूत्र हे:

```
=IF(COUNTIF(Bank!B:B,B2)>0,"OK","")
```

B रकान्यात चेकचा नंबर आहे. हे सूत्र एवढंच विचारतं की हा नंबर बँकेकडे कुठे आहे का. रक्कम किती, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. चेक 500 चा लिहिला असेल आणि बँकेने 5,000 दिले असतील तरी ओकेच येईल. भरण्यांचं त्याने हाताने केलं होतं, तारीख आणि रक्कम दोन्ही बघून, आणि ते काम नीट आहे.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शीट जुनं आहे आणि माझ्याआधीपासून असंच चालत आलं आहे.

सूत्र लगेच बदलून मोकळं व्हावं असं वाटलं होतं, पण थांबले. कालसारखं एका अंदाजामागून दुसऱ्या अंदाजामागे धावायचं नाही. आधी फरक कुठल्या तारखेला जन्मला ते काढायचं, मग तिथेच खणायचं.

6 जुलै

आज नेमकं तेच केलं. मांडणी साधी आहे, पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते.

प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात: आपण पुस्तकात लिहिली ती आणि बँकेत दिसली ती. सगळ्या नोंदींना या दोन्ही तारखा लावलेल्या असतील, तर मागच्या कुठल्याही दिवसाचं ताळमेळ पत्रक आज पुन्हा मांडता येतं. त्या दिवशी न वटलेले चेक म्हणजे जे पुस्तकात त्या दिवसापर्यंत आले पण बँकेत नंतर आले, किंवा अजून आलेच नाहीत. सहकाऱ्याने बँकेची तारीख प्रत्येक ओळीला लिहून ठेवली होती. त्याच्या कामातला हा भाग आज सगळ्यात उपयोगी पडला. दिवस एका रकान्यात लिहायचा आणि सूत्राने बेरीज घ्यायची:

```
=SUMIFS(C:C,A:A,"<="&K1,H:H,">"&K1)+SUMIFS(C:C,A:A,"<="&K1,H:H,"")
```

A मध्ये पुस्तकातली तारीख, C मध्ये चेकची रक्कम, H मध्ये बँकेची तारीख, K1 मध्ये हवा तो दिवस. दुसरा तुकडा अजून न वटलेल्यांसाठी आहे, तो विसरला की उत्तर गुपचूप चुकतं. भरण्यांसाठी हेच सूत्र त्यांच्या रकमेच्या रकान्यावर. बँकेची शिल्लक मात्र बेरजेने काढली नाही. स्टेटमेंटवर त्या दिवशी छापलेली शिल्लकच घेतली. हे मी सवयीने केलं. त्याचा उपयोग किती होणार आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

चारही महिनाअखेरीचे फरक काढले:

31 मार्च: वजा 55.00
30 एप्रिल: वजा 10.00
31 मे: अधिक 27.00
30 जून: अधिक 27.00

हे बघून मी खुर्चीत मागे रेलले. 27 नावाची चूक कुठे नाहीच. मार्च किंवा त्याआधी वजा 55, एप्रिलमध्ये अधिक 45, मेमध्ये अधिक 37. तिन्हींची बेरीज 27. जून निर्दोष आहे.

म्हणजे 4 तारखेला मी तेवीस पावत्या काढून ज्या चुकीला शोधत होते ती अस्तित्वातच नव्हती. 9 ची कसोटी एका चुकीला लागू पडते, चुकांच्या बेरजेला नाही. आणि कुठलीही रक्कम घेतली तरी नऊपैकी एकीला 9 ने भाग जाणारच, तेव्हा 27 ला गेला यात काही नवल नव्हतं.

सगळ्यात खटकतं ते 31 मार्चचं वजा 55. मार्चचं पत्रक आम्ही पैसा न पैसा जुळवून सही केलं आहे. ते फाइलमध्ये आहे.

7 जुलै

मार्चपासून सुरुवात. सही केलेल्या पत्रकावर 31 मार्चची खातेवहीची शिल्लक 3,62,918.20 आहे. संगणकात आज तीच तारीख टाकली की 3,62,863.20 येते. पत्रक बरोबर होतं. त्यानंतर पुस्तक बदललं गेलं.

सहकाऱ्याने जुळवलेल्या नोंदी 1 एप्रिलपासूनच्या होत्या. त्याआधीचं सगळं जुळलेलंच आहे असं धरून ते पडद्यावरही येत नाही, कारण एकदा टिक झालेली नोंद न जुळलेल्यांच्या यादीतून निघून जाते. तिच्यात नंतर कुणी रक्कम बदलली तरी टिक तशीच राहते. निदान आमच्या प्रणालीत तरी. ताळमेळ उघड्या नोंदींवर नजर ठेवतो, मिटलेल्या नोंदींवर ठेवत नाही, आणि म्हणून अशी चूक कितीही टिका मारल्या तरी सापडत नाही. सापडते ती एकाच प्रश्नाने: मागच्या सही केलेल्या पत्रकावरची पुस्तकी शिल्लक आणि आज त्याच तारखेची पुस्तकी शिल्लक एकच आहे का? दोन आकडे शेजारी ठेवायचे, एवढंच काम आहे.

तारीख मागे सरकवत गेले. 31 जानेवारीला फरक शून्य, 28 फेब्रुवारीला वजा 55. फेब्रुवारीची बँक खात्याची छापील प्रत पत्रकासोबत लावलेली होती, तिच्याशी आजची यादी ओळीने ताडली. 19 फेब्रुवारीचा स्टेशनरीच्या पुरवठादाराचा चेक छापील प्रतीत 3,120, आज 3,175. नोंदीतल्या बदलांच्या इतिहासात मे महिन्याची तारीख दिसते.

सहकाऱ्याला विचारलं. तो जरा वरमला. मेमध्ये त्याला पुरवठादारांच्या जुन्या येणी-देणी साफ करायला सांगितली होती. या पुरवठादाराचं बिल 3,175 चं, पैसे दिले 3,120, खात्यावर 55 लोंबकळत होते. त्याला वाटलं टंकताना चूक झाली असेल, म्हणून त्याने चेकची रक्कम बिलाएवढी केली आणि खातं शून्य झालं. "मला वाटलं बिल बरोबर म्हणजे तेच खरं," तो म्हणाला.

बिल बरोबरच होतं. पण एक वस्तू फुटकी आली म्हणून परत केली होती, तिचे 55 कापून चेक दिला होता. बँकेनेही 3,120 च दिले. पुरवठादाराकडून त्या 55 ची क्रेडिट नोट यायची आणि नोंदवायची राहून गेली होती. फोन केला, प्रत पाठवतो म्हणाले.

दुरुस्ती कशी करायची यावर साहेबांशी चर्चा झाली. बंद केलेल्या महिन्याला हात लावायचा नाही, चालू महिन्यात दुरुस्तीची नोंद टाकायची, हा नेहमीचा नियम. माझं म्हणणं वेगळं होतं. इथे बंद महिन्याला हात आधीच लागला आहे, आणि सही केलेला आकडाच खरा आहे. मूळ नोंद परत 3,120 केली तर पुस्तक आणि सहीचं पत्रक पुन्हा एक होतात. उलट नवी नोंद टाकली तर मार्चची शिल्लक कायमची कागदाहून वेगळी राहते आणि दर वेळी कुणालातरी समजावून सांगत बसावं लागतं. साहेबांनी थोडा विचार करून होकार दिला, कारण लिहिलेली चिठ्ठी नोंदीला जोडायच्या अटीवर. तसं केलं आणि लगेच 31 मार्चपर्यंतची पुस्तकं कुलूपबंद केली. ते कुलूप मार्चमध्येच लागायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं.

आता जून अखेरचा फरक 27 वरून 82 झाला.

सहकारी पडद्याकडे बघून म्हणाला, "ताई, वाढला की!" हो, वाढला. 45 आणि 37 ला आतापर्यंत 55 झाकून ठेवत होते. एक चूक दुरुस्त केल्यावर फरक वाढतो तेव्हा दुरुस्ती चुकली असं वाटून माणूस ती परत उलटवायला जातो. महिनाअखेरीचा तक्ता समोर नसता तर मीही कदाचित तेच केलं असतं.

8 जुलै

एप्रिलचे 45.

दिवस अर्धे करत गेले. 15 एप्रिलला फरक शून्य (मार्च सुधारल्यावर), 22 ला शून्य, 28 ला 45. मग 25 ला शून्य, 27 ला 45, 26 ला शून्य. म्हणजे 27 एप्रिल. तीस दिवसांतून एका दिवसापर्यंत यायला सहा पत्रकं मांडावी लागली, आणि प्रत्येकाला K1 मधली तारीख आणि स्टेटमेंटवरची शिल्लक एवढंच बदलायचं होतं.

सहकाऱ्याने इथे चांगला प्रश्न विचारला: 27 तारखेला आपण पुस्तकात एकही चेक लिहिलेला नाही, मग चूक त्या दिवशी कशी? चूक लिहिली गेली असेल आधीच, पण फरक दिसतो तो दोन नोंदींपैकी उशिरा येणारी आली त्या दिवशी. चेक पुस्तकात चुकीच्या रकमेने गेला तरी तो वटेपर्यंत न वटलेल्या यादीत त्याच चुकीच्या रकमेने असतो आणि दोन्ही बाजू एकमेकींना सांभाळून घेतात. बँकेने खरी रक्कम दिली की मग उघडं पडतं. म्हणून त्या दिवशीच्या बँकेच्या ओळी बघायच्या, पुस्तकाच्या नाहीत.

27 एप्रिलला बँकेत चार चेक वटलेले आहेत. तिसरा छपाईवाल्याचा: बँकेत 6,594, पुस्तकात 6,549. नंबर तोच, म्हणून शीटने ओके दिलं होतं.

इथे 9 ची कसोटी चोख बसते. 45 भागिले 9 म्हणजे 5, आणि 4 व 9 मध्ये 5 चा फरक. हीच कसोटी मी चार दिवस आधी चुकीच्या आकड्यावर लावत होते.

पण चूक कुणाची, हे अजून ठरलेलं नाही. पुस्तकात उलटं लिहिलं गेलं असेल तर आपण पुस्तक सुधारायचं. चेक खरोखर 6,549 चा असेल आणि बँकेने 6,594 दिले असतील तर पुस्तकाला हात लावायचा नाही. बँकेला कळवायचं आणि ती सुधारेपर्यंत ताळमेळ पत्रकात "बँकेकडून दुरुस्ती येणे" म्हणून वेगळी ओळ दाखवायची. दोन्ही वेळा फरक 45 च आणि चिन्हही तेच, त्यामुळे आकड्यावरून काही ठरत नाही. चेकच बघावा लागतो. बँकेच्या संकेतस्थळावर वटलेल्या चेकची प्रतिमा मिळाली: अंकी 6,594, अक्षरी सहा हजार पाचशे चौऱ्याण्णव. बिलही तेवढ्याचंच. चूक आपली.

याला आणखी एक साक्षीदार निघाला. छपाईवाल्याच्या खात्यात बिल 6,594 आणि पैसे दिले 6,549, म्हणून 45 देणं बाकी दिसतंय. दुहेरी नोंदीत चुकीचं एक टोक बँक खात्यात असलं तर दुसरं कुठल्यातरी खात्यात असतंच, आणि बरेचदा ते तिथे जास्त ठळक असतं, कारण बँक खात्यात शेकडो ओळी असतात आणि एखाद्या पुरवठादाराच्या खात्यात चार. गंमत अशी की मेमध्ये येणी-देणी साफ करताना सहकाऱ्याने ही बाकी पाहिली होती आणि छपाईवाल्याचं काम चालू आहे म्हणून सोडून दिली. जी सोडायची होती तिला हात लावला आणि जिला हात लावायचा होता ती सोडली. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्यानेच दाखवलं.

आता सूत्र बदललं:

```
=IF(COUNTIFS(Bank!B:B,B2,Bank!D:D,C2)>0,"OK","")
```

नंबर आणि रक्कम दोन्ही जुळली तरच ओके. तिन्ही महिन्यांवर चालवलं. न वटलेले चेक सोडले तर ओके न आलेली एकच ओळ, ती हीच. तक्त्याने जे सांगितलं तेच दुसऱ्या वाटेने पुन्हा निघालं, याचं समाधान वाटलं.

9 जुलै

मेचे 37. हे सोपं जाईल असं वाटलं होतं.

तारखा अर्ध्या करत 14 मेपर्यंत आले. 13 मे अखेर फरक 45, 14 मे अखेर 82. पण आमच्या शीटमध्ये बँकेच्या बाजूला 14 मेची ओळच नाही. पुस्तकातही नाही. दोन्हीकडे काही घडलं नाही आणि फरक मात्र पडला.

14 मेची शिल्लक मी स्टेटमेंटच्या मूळ पीडीएफवरून घेतली होती, शीटवरून नाही, हे तेव्हा लक्षात आलं. शीटवर बेरीज केली असती तर हा फरक मेमध्ये दिसला नसता, शेवटी जूनच्या छापील शिल्लकेपाशी अचानक उगवला असता. मग शीटमधल्या स्टेटमेंटचीच परीक्षा घेतली. प्रत्येक ओळीची शिल्लक म्हणजे आधीच्या ओळीची शिल्लक, वजा गेलेले, अधिक आलेले. तसं नसेल तिथे मध्ये काहीतरी गळलं आहे:

```
=ROUND(F3-(F2-D3+E3),2)
```

F शिल्लक, D गेलेले, E आलेले. ROUND घातलं नाही तर दशांशांतली नगण्य शेपटं शून्याऐवजी डोकावतात आणि उगाच धडकी भरते. रकाना खालपर्यंत ओढला. सगळीकडे शून्य, फक्त 15 मेच्या पहिल्या ओळीला वजा 37.00.

पीडीएफ उघडला. दुसऱ्या पानाच्या अगदी तळाला 14 मे, सेवा शुल्क, 37.00. तपशील दोन ओळींत मोडलेला, अर्धा या पानावर आणि अर्धा पुढच्या. पीडीएफवरून शीट बनवताना पान संपलं आणि ही ओळ गळून पडली.

"सगळे चेक आणि सगळे भरणे लागले" हे वाक्य इथेही खरंच होतं. शुल्क हे चेकही नाही आणि भरणाही नाही, आणि आमच्यासाठी तर ते स्टेटमेंटमध्येही नव्हतं. आपल्या पुस्तकातून बँकेकडे कितीही टिका मारत गेलं तरी ते सापडलं नसतं. बँकेच्या ओळी घेऊन पुस्तकाकडे यायला हवं, आणि त्याही आधी त्या ओळी पूर्ण आहेत हे सिद्ध करायला हवं. यापुढे शीटमध्ये स्टेटमेंट आलं की पहिलं काम हा रकाना. एक मिनिटाचं काम आहे.

10 जुलै

तिन्ही दुरुस्त्या पूर्ण झाल्या.

फेब्रुवारीची मूळ नोंद 7 तारखेलाच परत 3,120 केली होती. आज क्रेडिट नोटची प्रत आली, ती 30 जूनच्या तारखेने नोंदवली. पुरवठादाराच्या खात्याला 55 नावे, खरेदी परतीला जमा. या नोंदीचा बँकेशी संबंध नाही, पण ती न टाकता सोडली असती तर कुणीतरी पुन्हा ती 55 ची बाकी "साफ" केली असती.

छपाईवाल्याला 45 नावे, बँकेला 45 जमा, 30 जून. बँक शुल्काला 37 नावे, बँकेला 37 जमा, तीही 30 जूनलाच, कारण मे बंद आहे. तपशिलात 14 मेची तारीख लिहिली.

4,03,584.45 अधिक 55, वजा 45, वजा 37. खातेवहीची शिल्लक 4,03,557.45. पत्रक जुळलं.

साहेबांनी सही करताना विचारलं, "शेवटी सत्तावीस कशाचे निघाले?" मी म्हटलं, सर, सत्तावीस कशाचेच नव्हते, एकशे सदतीस होते. तीन चुका होत्या, त्यांतली एक उलट्या दिशेची. किरकोळ खर्चात 27 टाकले असते तर पत्रक जुळलं असतं आणि दोन पुरवठादारांची खाती तशीच चुकीची राहिली असती. ते म्हणाले, "बरं, आता पुढच्या महिन्यात दोन दिवस मागू नका."

एक शंका वहीत टाकून ठेवते. तारखांच्या पद्धतीला एक आंधळी जागा आहे. एकाच दिवशी उलटसुलट दिशेच्या नेमक्या सारख्या रकमेच्या दोन चुका झाल्या तर फरक पडणारच नाही आणि तक्ता काही बोलणार नाही. रकमेसकट जुळवणारं नवं सूत्र चेकच्या बाबतीत ते पकडेल. भरण्यांसाठी पावतीचा नंबर स्टेटमेंटमध्ये येत नाही, तिथे अजून हाताने बघणं आलं.

5 ऑगस्ट

जुलैचं पत्रक. आधी 30 जूनची पुस्तकी शिल्लक सही केलेल्या कागदाशी ताडली: 4,03,557.45, तीच. मग स्टेटमेंटची साखळी तपासली, एका ओळीला शून्य आलं नाही. सहकाऱ्याने माझ्याआधीच पीडीएफ उघडून ठेवला होता. पुन्हा पानाच्या तळाची ओळ, या वेळी व्याज जमा झाल्याची. त्याने ती हाताने भरली आणि मग चेक लावायला घेतले.

16,250 चा चेक 11 जुलैला वटला. फरक शून्य.